सहा टेबलांची मालवणी खानावळ आणि तिची पहिली कॅरोसेल पोस्ट

नवीन खानावळीची इन्स्टाग्रामवरची उद्घाटनाची पोस्ट बहुतेक ठिकाणी रंगांपासून सुरू होते. आधी टेम्प्लेट निवडलं जातं, मग त्यात मेन्यू, पत्ता आणि ‘भव्य शुभारंभ’ बसवला जातो. अशी पोस्ट दिसते छान, पण पहिल्याच रविवारी दुपारी दीड वाजता दारात उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं, हे तिने ठरवलेलं नसतं. म्हणून या लेखात कॅरोसेल, म्हणजे बाजूला सरकवत बघायची अनेक स्लाइडची पोस्ट, करताना आपण उलट्या बाजूने जाऊ: आधी तवा, मग ऑफर, मग स्लाइड, आणि रंग सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी एक खानावळ धरू. पुण्यात कोथरूडला, सहा टेबलं, २४ खुर्च्या, मालवणी जेवण. माशांसाठी एक मोठा तवा, वड्यांसाठी एक कढई. दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते रात्री १०.३० चालू, सोमवारी बंद. बांगडा थाळी ३२० रुपये, कोंबडी-वडे ३४०, काळ्या वाटाण्याची शाकाहारी थाळी २२०. सरासरी धरली तर माणशी ३०० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, ते या जागी घाला.

आधी तव्याचा हिशेब

२४ खुर्च्या म्हणजे एका वेळी २४ माणसं नव्हेत. चौघांच्या टेबलावर दोघं येऊन बसतात, त्यामुळे भरलेल्या खानावळीतही प्रत्यक्षात पंधरा-सोळा जणच जेवत असतात. थाळी जेवायला, हात धुवायला, बिल द्यायला आणि टेबल पुसायला मिळून पाऊण ते एक तास जातो. दुपारी शेवटची ऑर्डर अडीचला घेतली तर नीट दोन पंगती होतात, म्हणजे तीसेक थाळ्या. रात्रीही तेवढ्याच. दिवसाला ६० थाळ्या हा या खानावळीचा पहिल्या आठवड्याचा आवाका.

आता तवा बघा. त्यावर एका वेळी आठ बांगडे बसतात आणि दोन्ही बाजूंनी नीट व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. सोळा माणसं एकदम बसली आणि त्यातल्या बारा जणांनी मासे मागितले, तर शेवटच्या चौघांना दुसऱ्या घाण्याची वाट बघावी लागणार. खानावळ अडते ती इथे. आमटी तयार असते, भात तयार असतो, सगळे तव्याकडे बघत थांबलेले असतात. त्यामुळे पोस्टमध्ये तव्यावरचं काम वाढवेल असं एकही वाक्य येता कामा नये. एवढी गोष्ट लक्षात ठेवली की ऑफर आपोआप ठरते.

भेट काय द्यायची

सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते ‘सगळ्यावर २० टक्के सूट’. हिशेब करू. सोमवार वगळून सहा दिवस, दिवसाला ६० थाळ्या, म्हणजे ३६० थाळ्या. ३०० रुपयांवर २० टक्के म्हणजे ६० रुपये. एकूण २१,६०० रुपये गेले. पण मोठं नुकसान पुढेच आहे. ज्याने ती थाळी २४० रुपयांत खाल्ली, त्याच्या डोक्यात २४० हाच तिचा भाव बसला. पुढच्या आठवड्यात तो ३०० देतो तेव्हा त्याला वाटतं, यांनी भाव वाढवले. शिवाय सवलतीच्या आकड्यावर येणारी गर्दी एकदम येते, आणि तवा तर एकच आहे.

‘प्रत्येक थाळीवर एक बोंबील फ्राय मोफत’ ही दुसरी आवडती कल्पना. ती तर थेट तव्यावरच जाऊन बसते. बोंबील पाणीदार, त्याला दाबून पाणी काढावं लागतं, तळायला जागा जास्त लागते. ही ऑफर देणारी खानावळ स्वतःच्या हाताने स्वतःचा वेग निम्मा करते.

त्यापेक्षा थाळीत जी सोलकढीची वाटी येतेच, तिची दुसरी वाटी पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून द्या. सोलकढीला शेगडी लागत नाही, ती आधी करून ठेवता येते, आणि मालवणी जेवणाला आलेला माणूस दुसरी वाटी मागतोच. एका मध्यम नारळाचं जाड आणि पातळ दूध मिळून साधारण अर्धा लिटर सोलकढी होते, म्हणजे १२० मिलिलिटरच्या चार वाट्या. नारळ, आमसुलं, लसूण, मिरची, कोथिंबीर धरून वाटीला पंधरा रुपयांच्या आसपास खर्च येतो. ३६० वाट्यांचे झाले ५,४०० रुपये. दिवसाला या जादा वाट्यांसाठी पंधरा नारळ जास्त लागतील. ते आणायचे कोणी आणि खवून वाटायचे कोणी, हे पोस्ट टाकायच्या आधी ठरलेलं हवं.

इथे एक धोका आहे. सकाळी सगळी सोलकढी एकदम करून ठेवली तर दुपारच्या उन्हात नारळाचं दूध वर येतं, खाली गुलाबी पाणी उरतं आणि तीन वाजेपर्यंत आंबूस वास येऊ लागतो. म्हणून आमसुलांचा आगळ तयार ठेवावा, नारळाचं दूध फ्रिजमध्ये ठेवावं, आणि दोन्ही दोन-दोन लिटरच्या घाण्याने, लागेल तसं एकत्र करावं. ऑफरची सोलकढी फुटलेली निघाली तर ती भेट न दिलेलीच बरी.

आणि एक विनंती आहे: या वाटीला अटी लावू नका. ‘पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरी टाकून काउंटरवर दाखवा’ यामुळे जेवायला आलेल्या आजोबांना मोबाइल काढून उभं राहावं लागतं आणि काउंटरवरच्या मुलाला प्रत्येकाशी वाद घालावा लागतो. जो बसला, त्याला वाटी मिळाली, एवढाच नियम ठेवा. फक्त एक मर्यादा स्पष्ट लिहा: इथे बसून जेवणाऱ्यांसाठी. पार्सलच्या डब्यातून सोलकढी सांडते आणि त्याची तक्रार पहिल्याच दिवशी येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातींबद्दल २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत आमिष दाखवून बोलावणाऱ्या जाहिरातीचा उल्लेख आहे: जाहिरात केली तर तेवढा माल पुरवण्याची वाजवी तयारी असली पाहिजे. ‘दिवसाला ६० थाळ्या’ हा आकडा म्हणूनच स्लाइडवर छापायचा. येणाऱ्यालाही आधी कळतं, आणि संपल्यावर तुम्हाला नजर चुकवावी लागत नाही.

तारीख

मालवणी खानावळ बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी उघडावी, कारण आपल्याकडे सामिष खायचे वार तेच. त्यातही बुधवार चांगला. दोन-तीन दिवस कमी गर्दीत हात बसतो आणि मग रविवार येतो.

पण वार बघून थांबू नका, पंचांग बघा. २०२६ मध्ये बुधवार, ११ फेब्रुवारी ही तारीख वरवर बरी वाटते. मात्र त्या आठवड्याचा रविवार, म्हणजे १५ फेब्रुवारी, महाशिवरात्रीचा आहे. सगळ्यात मोठा दिवस उपवासात जातो. एक आठवडा पुढे, बुधवार १८ फेब्रुवारी धरली तर पहिला आठवडा मंगळवार २४ तारखेपर्यंत जातो आणि मधला रविवार मोकळा मिळतो. श्रावण टाळायचा हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या अलीकडे १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि ताज्या माशांचे भाव चढतात, हे मात्र भाडं सुरू झाल्यावर आठवतं.

सात स्लाइड, आणि त्यांचा क्रम

इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये २० पर्यंत स्लाइड घेऊ देतं. सात पुरतात. त्याहून जास्त झाल्या की शेवटची, म्हणजे पत्त्याची स्लाइड कोणी बघतच नाही.

क्रम लावताना एक तांत्रिक गोष्ट मध्यभागी ठेवायची: पोस्ट एकदा टाकली की त्यातला फोटो बदलता येत नाही. मजकूर बदलता येतो, आणि एखादी स्लाइड काढून टाकता येते. म्हणून जे आठवड्याने शिळं होणार आहे, म्हणजे ऑफर, ते एकाच स्लाइडवर बंदिस्त असलं पाहिजे. आठवडा संपला की ती स्लाइड काढायची. उरलेल्या सहा स्लाइड पुढे कित्येक महिने तुमचं मेन्यूकार्ड म्हणून वर पिन करून ठेवता येतात. पहिल्या स्लाइडवर ‘ऑफर’ हा शब्द छापला तर हे सगळं फुकट जातं. ‘लवकरच’, ‘उद्यापासून’, ‘या बुधवारी’ हे शब्दही कुठेच नकोत. पोस्ट लोकांना चार-चार दिवसांनी दिसते. तेव्हा ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस?

पहिली स्लाइड: वरून काढलेला बांगडा थाळीचा फोटो, खानावळीचं नाव, आणि एक ओळ: ‘कोथरूडमध्ये मालवणी जेवण. बुधवार, १८ फेब्रुवारीपासून.’ भाग, जेवण, तारीख. ‘चवीचा नवा प्रवास’ यासारखी ओळ साडीच्या दुकानालाही चालेल, म्हणून ती नको.

दुसऱ्या स्लाइडला पहिल्याइतकंच महत्त्व द्या. पोस्ट समोर आली आणि माणसाने ती न सरकवता सोडली, तर इन्स्टाग्राम पुष्कळदा तीच पोस्ट पुन्हा दाखवताना दुसरी स्लाइड पुढे करतं. म्हणजे काहींसाठी दुसरी स्लाइड हीच पहिली असते. तिच्यावर ‘आणि ऐका...’ अशी अर्धवट ओळ असेल तर काहीच कळत नाही. इथे कोंबडी-वडे ठेवा, फोटोसकट आणि किमतीसकट. हे नाव वाचून मालवणी माणूस थांबतोच.

तिसरीवर बांगडा थाळीत काय काय येतं ते. चौथीवर काळ्या वाटाण्याची थाळी. ती टाळण्याचा मोह होतो, पण सहा जणांच्या कुटुंबात एक जण तरी मासे न खाणारा असतो आणि कुठे जायचं हे बहुतेक वेळा त्याच्यावरून ठरतं. शाकाहारासाठी तवा-कढई वेगळी ठेवत असाल तर तसं लिहा. ठेवत नसाल तर त्या विषयाला हात लावू नका.

पाचवीवर रोज बदलणारे मासे: सुरमई, पापलेट, हलवा. यांचे भाव बाजारावर चालतात, म्हणून स्लाइडवर आकडा छापू नका. ‘आजचा भाव दारातल्या फळ्यावर आणि रोज सकाळी ११ वाजता स्टोरीवर’ असं लिहा आणि ते खरोखर करा. ‘भावासाठी मेसेज करा’ हे लिहिलं की निम्मे लोक मेसेज करत नाहीत. महाग असेल असं धरून पुढे जातात.

सहावी ऑफरची. तिचा पूर्ण मजकूर असा:

‘पहिला आठवडा
बुधवार १८ ते मंगळवार २४ फेब्रुवारी
प्रत्येक थाळीसोबत सोलकढीची दुसरी वाटी आमच्याकडून
इथे बसून जेवणाऱ्यांसाठी. दिवसाला ६० थाळ्या. सोमवारी बंद.’

सातवी वेळ आणि पत्त्याची. ही स्लाइड इन्स्टाग्रामबाहेर सगळ्यात जास्त फिरते. कोणीतरी तिचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, ‘रविवारी इथे जाऊया का?’ त्या ग्रुपवर बाकीच्या सहा स्लाइड पोहोचलेल्या नसतात. म्हणून या एका चित्रात सगळं हवं: खानावळीचं नाव, ‘मालवणी जेवण’ हे शब्द, वेळ, फोन नंबर, पत्ता, जवळची खूण.

वेळ कशी लिहायची? ‘१२-३ / ७-१०.३०’ असं नको. असं लिहा:

‘दुपारी १२ ते ३ (शेवटची ऑर्डर २.३०)
संध्याकाळी ७ ते रात्री १०.३० (शेवटची ऑर्डर १०)
सोमवारी बंद’

शेवटच्या ऑर्डरची वेळ लिहिली नाही तर दहा वाजून वीस मिनिटांनी पाच जण येतात, तवा धुऊन झालेला असतो, आणि दोन्ही बाजूंना वाईट वाटतं. पत्त्यात खूण अशी द्या जी रिक्षावाल्याला कळेल: चौकाचं नाव, समोरचा बसस्टॉप, शेजारचं औषधाचं दुकान. दुचाकी लावायला जागा आहे आणि चारचाकीला नाही, तर ते इथेच लिहा. चारचाकीने आलेलं कुटुंब वीस मिनिटं चकरा मारून शेवटी दुसरीकडे जेवतं.

पदार्थाची ओळ

‘लज्जतदार’, ‘अस्सल’, ‘तोंडाला पाणी आणणारी’ ही विशेषणं सगळ्या खानावळी वापरतात, त्यामुळे ती वाचलीच जात नाहीत. ताटात काय येतं ते मोजून लिहा.

‘बांगडा थाळी: रव्यात घोळवून तव्यावर भाजलेला एक अख्खा बांगडा, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात, दोन तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. ३२० रुपये.’

यात एकही कौतुकाचा शब्द नाही. पण ‘तिरफळं’ वाचल्यावर सावंतवाडीकडच्या माणसाला कळतं की करणाऱ्याला माहीत आहे. आणि ज्याला तिरफळ माहीत नाही, तो निदान विचारतो. ‘अख्खा’ आणि ‘दोन’ हे शब्द पुढची भांडणं वाचवतात. कोंबडी-वड्यांतही चार वडे की पाच, ते लिहा, आणि जादा वडा कितीला तेही. कर किमतीत धरलेला आहे की वेगळा, हे तुमच्या सीएला विचारून एका ओळीत घाला.

फोटो

मोबाइलचा कॅमेरा पुरतो, उजेड मात्र खिडकीचाच हवा. सकाळी नऊ ते अकरा, खिडकीजवळचं टेबल, ट्यूबलाइट बंद. ट्यूब आणि ऊन एकत्र आलं की सोलकढीचा गुलाबी रंग करडा दिसतो आणि भात निळसर.

स्टीलचं ताट सगळ्यात जास्त त्रास देतं. त्यात फोटो काढणाऱ्याचे हात, मोबाइल आणि छतावरचा पंखा दिसतो. दोन उपाय आहेत. ताटावर केळीचं पान कापून बसवा, चमक निम्म्याने कमी होते. आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा किंवा जाड कागदाचा फळा उभा धरा. मग वाट्यांच्या काठांवर काळ्या सावल्यांऐवजी पांढरा उजेड पडतो.

बांगडा तव्यावरून काढल्यापासून तीन-चार मिनिटांत फोटो झाला पाहिजे. त्यानंतर रवा तेल शोषून घेतो आणि कड मऊ पडते. ती फोटोत लगेच कळते. म्हणून आधी रिकामं ताट लावून, वाट्या भरून, मोबाइल जागेवर धरून दोन फोटो काढून बघा, आणि मगच मासा आणा. वडे फुगलेले हवेत, तेव्हा तेही शेवटी. सोलकढी फोटोआधी ढवळा आणि वर कोथिंबिरीची दोन पानं ठेवा.

फोटोतलं ताट गिऱ्हाइकाला मिळणारंच असलं पाहिजे. फोटोसाठी मोठा बांगडा निवडला आणि रोज मध्यम येतो, तर तुलना करायला फोटो गिऱ्हाइकाच्या हातातच असतो.

फोटो काढताना चारही बाजूंना मोकळी जागा सोडा. पोस्टची स्लाइड १०८० बाय १३५० पिक्सेलची करावी, म्हणजे चारास पाच हे उभं प्रमाण. पहिल्या स्लाइडचं प्रमाण पुढच्या सगळ्यांना लागतं, त्यामुळे सातही एकाच मापाच्या हव्यात. प्रोफाइलच्या जाळीत मात्र आता तीनास चार असं आणखी अरुंद चित्र दिसतं, म्हणजे दोन्ही बाजूंचे सुमारे ३४ पिक्सेल कापले जातात. कडेपासून ९० पिक्सेल आत अक्षर ठेवलं की नाव कापलं जात नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘1/7’ असा आकडा येतो; तिथे तारीख किंवा लोगो ठेवू नका.

अक्षरं

देवनागरी मजकुरात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. छपाईवाल्याने केलेल्या मेन्यूकार्डाच्या फाइलमधून मजकूर कॉपी केला तर डिझाइनच्या ॲपमध्ये भलतीच चिन्हं उमटतात, कारण ते कार्ड बहुधा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा मजकूर मोबाइलवर पुन्हा टाइप करा. सात स्लाइडला अर्धा तास लागतो.

फॉन्ट Mukta किंवा Baloo 2 घ्या, दोन्ही मोफत मिळतात आणि लहान पडद्यावर स्पष्ट दिसतात. एकच शब्द टाइप करून तपासा: ‘भाकऱ्या’. त्यातला ‘ऱ्य’ तुटला, किंवा र खाली हलन्त येऊन वेगळा पडला, तर तो फॉन्ट सोडा. अक्षरांमधलं अंतर शून्यावरच ठेवा. इंग्रजी मथळे पसरून छान दिसतात म्हणून तोच आकडा देवनागरीला लावला की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि ‘मालवणी’ हा शब्द चार सुट्या अक्षरांसारखा दिसतो. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, अक्षराच्या उंचीच्या १.४ पट तरी. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

आकार: मथळा ९० ते ११० पिक्सेल, बाकी मजकूर ४४ च्या खाली नको. सहाव्या आणि सातव्या स्लाइडवर फोटो ठेवूच नका. एका रंगाची पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं. आमसुली रंगावर पांढरी अक्षरंही चालतात. फोटोवर अक्षर लिहायचं असेल तर केळीच्या पानाचा मोकळा भाग निवडा, माशावर लिहू नका.

झाल्यावर सातही स्लाइड मोबाइलवर घ्या, उजेड निम्मा करा आणि घरातल्या साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय सातवी स्लाइड दाखवा. वेळ आणि फोन नंबर वाचता आला तर काम झालं.

पोस्टखालचा मजकूर आणि टाकायची वेळ

खालच्या मजकुराची पहिली दीड-दोन ओळच दिसते, बाकी ‘more’ दाबल्यावर. म्हणून शुभेच्छा आणि आभार वर नकोत.

‘कोथरूडमध्ये मालवणी जेवण, बुधवार १८ फेब्रुवारीपासून. बांगडा थाळी ३२०, कोंबडी-वडे ३४०, काळ्या वाटाण्याची थाळी २२० रुपये.
दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ७ ते १०.३०. सोमवारी बंद.
२४ फेब्रुवारीपर्यंत इथे बसून जेवणाऱ्यांना सोलकढीची दुसरी वाटी आमच्याकडून.
पत्ता आणि फोन शेवटच्या स्लाइडवर.’

एवढं पुरतं. या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, म्हणून नकाशाची लिंक प्रोफाइलमध्ये घाला आणि पोस्टला जागेचा टॅग लावा. गूगल मॅप्सवरची नोंदणी मात्र तीन आठवडे आधी सुरू करा, कारण पडताळणीला वेळ जातो. तिथे दुपार आणि संध्याकाळ अशा दोन वेगळ्या वेळा भरता येतात. ‘१२ ते १०.३०’ अशी एकच वेळ भरली तर लोक चार वाजता येऊन बंद दार बघतात. दारावरची पाटी, गूगल आणि सातवी स्लाइड, तिन्ही शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

पोस्ट टाका सोमवारी १६ तारखेला, संध्याकाळी सातच्या सुमारास. आठवडाभर आधी टाकली तर लोक विसरतात, आणि रविवारी महाशिवरात्रीच्या संध्याकाळी उपवास करणाऱ्यांना बांगडा दाखवणं बरं नाही. सोमवारी बघितलं, मंगळवारी ठरवलं, बुधवारी आले. टाकल्याबरोबर ती प्रोफाइलवर पिन करा. व्हॉट्सॲपवर सातवी स्लाइड पाठवताना HD निवडा, नाहीतर फोन नंबरातला ३ आणि ६ ओळखू येत नाही.

पहिल्या दोन दिवसांत तेच पाच प्रश्न येतात: पार्सल मिळेल का, घरपोच आहे का, टेबल राखून ठेवता येईल का, गाडी कुठे लावायची, पापलेट कितीला. यांची उत्तरं आधीच लिहून मोबाइलमध्ये ठेवा. दुपारच्या पंगतीत फोनवर टाइप करायला कोणाचाही हात मोकळा नसतो.

पहिला आठवडा चालू असताना

रोज रात्री दोन आकडे वहीत लिहा: किती थाळ्या गेल्या आणि दुसऱ्या वाट्या किती गेल्या. वाट्या थाळ्यांच्या निम्म्याहून कमी असतील तर वाढणारी मुलं विचारायला विसरत आहेत. गिऱ्हाइकाने मागावी लागली तर ती भेट राहत नाही. रविवारी थाळ्या एक वाजून चाळीस मिनिटांनी संपल्या, तर लगेच स्टोरी टाका: ‘दुपारच्या थाळ्या संपल्या. संध्याकाळी ७ ला पुन्हा.’ कर्वेनगरहून निघायच्या बेतात असलेला माणूस ते वाचून घरी थांबतो आणि रात्री येतो. न सांगता परत पाठवलेला माणूस येत नाही.

एखादी चूक स्लाइडवर छापून गेली, उदाहरणार्थ फोन नंबरातला एक आकडा, तर मजकुरात दुरुस्ती करून भागत नाही, कारण फिरतो तो स्क्रीनशॉट. अशा वेळी पहिल्या एक-दोन तासांत पोस्ट काढून नव्याने टाका. दोन दिवसांनी लक्षात आलं तर ती चुकीची स्लाइड काढा, बरोबर पत्ता आणि नंबर खालच्या मजकुरात पहिल्या ओळीत घाला, आणि सुधारलेलं चित्र स्वतंत्र पोस्ट म्हणून टाकून पिन करा.

मंगळवारी २४ तारखेला रात्री शेवटचं टेबल उठल्यावर पोस्ट उघडा, वरचे तीन ठिपके दाबून Edit निवडा, सहाव्या स्लाइडवर या, कोपऱ्यातलं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा. खालच्या मजकुरातली सोलकढीची ओळ काढा, आणि ‘१८ फेब्रुवारीपासून’ तसंच राहू द्या. चुकून भलतीच स्लाइड निघाली तर ती Recently deleted मध्ये ३० दिवस राहते आणि परत आणता येते. हे काम बुधवारवर ढकलू नका. बुधवारी दुपारी बारा वाजता येणारा पहिला माणूस मोबाइलवर सहावी स्लाइड उघडूनच टेबलावर बसतो. तरीही कोणी तसा आलाच, तर त्या दिवशी त्याला दुसरी वाटी द्या. पंधरा रुपयांची आहे.